बारा आकडे आणि अडकलेले पैसे

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास माझी मावशी औषधांच्या दुकानात उभी होती. काकांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या महिनाभराच्या गोळ्या घेतल्या होत्या, बिल झालं २,३६० रुपये. तिने दुकानातला कोड स्कॅन केला, पिन टाकला. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं आणि मग पिवळ्या रंगात ‘पेंडिंग’ असं उमटलं. तेवढ्यात मोबाइलवर बँकेचा एसएमएस आला, २,३६० रुपये खात्यातून वजा. दुकानातला आवाज देणारा डबा मात्र गप्प. दुकानदार म्हणाला, ‘‘मावशी, माझ्याकडे काही आलेलं नाही.’’ गोळ्या तर हव्याच होत्या. मावशीने पिशवीतले रोख पैसे काढून दिले आणि ती घरी आली.

‘‘येतील परत दोन दिवसांत,’’ असं दुकानदार म्हणाला होता. रविवारपर्यंत आले नाहीत, म्हणून तिने बँकेच्या ॲपमधलं मदतीचं चॅट उघडलं. त्यातून काही निघालं नाही. गुरुवारी, म्हणजे २० तारखेला, तिने मला फोन केला.

मी एका बँकेच्या तक्रार विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. पैसे ‘कट झाले’, ‘अडकले’, ‘गायब झाले’ अशा शब्दांत लिहिलेल्या तक्रारी रोज वाचायच्या, हेच माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, बहुतेक तक्रारी खऱ्याच असतात. माणसं उगीच बँकेच्या मागे लागत नाहीत. पण त्यातल्या कित्येक तक्रारींचे पहिले तीन-चार दिवस वाया जातात, कारण पहिल्या निरोपात समोरच्याला शोधता येईल असं काहीच नसतं. मावशीचंही तेच झालं होतं.

तिने मला तो रविवारचा चॅट दाखवला. तिने लिहिलं होतं, ‘‘परवा माझे औषधाचे पैसे कट झाले पण दुकानदाराला गेले नाहीत. आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत. कृपया लवकर काहीतरी करा.’’ पलीकडच्या मुलाने नम्रपणे विचारलं होतं, व्यवहार कोणत्या तारखेचा, किती रकमेचा, संदर्भ क्रमांक काय? मावशी चष्मा आणायला उठली, मग ॲप बदलून तो क्रमांक शोधू लागली. सापडलेला क्रमांक तिने कागदावर उतरवला आणि परत येऊन टाइप केला. मधे सहा-सात मिनिटं गेली. उत्तर आलं की या क्रमांकाचा व्यवहार आमच्याकडे दिसत नाही. ती पुन्हा शोधायला गेली आणि तोवर ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने हा संवाद बंद करत आहोत’ असा निरोप आला. तक्रार क्रमांक मिळालाच नाही. म्हणजे बँकेच्या दृष्टीने त्या रविवारी तक्रार झालीच नव्हती.

तिने पाठवलेला क्रमांक चुकीचा नव्हता, पण तो बँकेचा नव्हता. गोंधळ इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

यूपीआयने पैसे दिले की त्या एका व्यवहाराला एकाहून जास्त क्रमांक मिळतात. ज्या ॲपमधून पैसे दिले ते ॲप स्वतःच्या नोंदीसाठी एक क्रमांक देतं. तो लांबलचक असतो आणि त्यात इंग्रजी अक्षरंही मिसळलेली असतात. मावशीच्या ॲपमधला T या अक्षराने सुरू होत होता. त्या ॲपच्या मदत केंद्राला तो कळतो, बँकेला कळत नाही. दुसरा क्रमांक असतो बारा आकड्यांचा, फक्त आकडे, एकही अक्षर नाही. याला कुठे ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ म्हणतात, कुठे ‘यूटीआर’, कुठे ‘आरआरएन’, तर कुठे नुसतं ‘यूपीआय रेफरन्स नंबर’. नावं चार असली तरी आकडे तेच. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधलं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या तिघांच्या नोंदीत हाच क्रमांक असतो, त्यामुळे चॅटवर द्यायचा तोच.

ॲपमध्ये व्यवहाराच्या पानावर थोडं खाली सरकवलं की तो दिसतो. नाहीच सापडला तर खात्याचं स्टेटमेंट उघडा. वजा झालेल्या रकमेसमोरच्या मजकुरात UPI या अक्षरांनंतर तिरप्या रेघांच्या मधे तो बसलेला असतो. मावशीच्या पासबुकात तो असा होता: UPI/531864207915, आणि पुढे दुकानाचं अर्धवट कापलेलं नाव. आमच्या विभागातल्या जुन्या मंडळींना या आकड्यांवरून नुसत्या नजरेने तारीख ओळखता यायची. अनेकदा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. मावशीच्या क्रमांकात पहिला ५, म्हणजे २०२५. पुढे ३१८. वर्षाचा ३१८वा दिवस म्हणजे १४ नोव्हेंबर. तक्रारीत लिहिलेली तारीख आणि क्रमांकातली तारीख जुळली नाही की आम्हाला कळायचं की माणसाने घाईत दुसऱ्याच व्यवहाराचा क्रमांक पाठवला आहे. ही पडताळणी तुम्हालाही घरबसल्या करता येते. मात्र हा फक्त अंदाज घ्यायला, पुरावा म्हणून नव्हे.

आता तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक हे तिन्ही का लागतात? क्रमांक एकच असतो, मग तो पुरायला हवा, असं कोणालाही वाटेल. पण चॅटवर बसलेल्या माणसापुढे तुमचं खातं जसंच्या तसं उघडं नसतं. त्याच्यासमोर शोधाची एक चौकट असते. त्यात तो क्रमांक टाकतो आणि समोर आलेल्या नोंदीची रक्कम व तारीख तुम्ही दिलेल्या माहितीशी ताडून बघतो. तिन्ही जुळल्याशिवाय त्याने पुढची कारवाई करायची नसते. हे बंधन तुमच्याच रक्षणासाठी आहे, नाहीतर कोणीही कुणाच्याही व्यवहाराबद्दल तक्रार टाकू शकेल. रक्कम पैशापर्यंत द्यावी ती यासाठीच. ‘साधारण अडीच हजार’ लिहिलं तर समोरचा परत विचारणार. तारीखही ‘परवा’, ‘गेल्या आठवड्यात’ अशी नको. रात्री बाराच्या आसपासच्या व्यवहारात तर घोळ ठरलेला, कारण तुम्ही पैसे दिलेले असतात १४ला रात्री ११.५८ वाजता आणि पासबुकात नोंद पडते १५ तारखेची. अशा वेळी दोन्ही तारखा लिहाव्यात आणि वेळही लिहावी.

मावशीच्या बाबतीत आणखी एक लहानशी अडचण निघाली. तिच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी आहे. तिने क्रमांक ५३१८… असा देवनागरी आकड्यांत टाइप करायला घेतला होता. पलीकडच्या माणसाला तो जसाच्या तसा उचलून शोधायच्या चौकटीत चिकटवायचा असतो, म्हणून मी तिला आकडे इंग्रजीत घ्यायला लावले. त्याहून बरं म्हणजे टाइपच करायचं नाही. ॲपमध्ये क्रमांकाशेजारी दोन चौकोनांचं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवलं की क्रमांक कॉपी होतो. बारा आकड्यांत एक जरी उलटसुलट झाला तरी नोंद सापडत नाही, आणि ‘दिसत नाही’ असं उत्तर आलं की माणसाला वाटतं बँक टाळाटाळ करते आहे.

गुरुवारी आम्ही दोघींनी बसून नवा निरोप आधी मोबाइलच्या नोंदवहीत लिहिला आणि मग चॅट उघडून एकदम चिकटवला. तो असा होता:

यूपीआयने दुकानात दिलेली रक्कम माझ्या खात्यातून वजा झाली आहे. दुकानदाराला मिळालेली नाही. आजपर्यंत माझ्या खात्यात परतही आलेली नाही.
व्यवहाराची तारीख व वेळ: 14/11/2025, सायंकाळी 7.42
रक्कम: रु. 2360.00
यूपीआय संदर्भ क्रमांक: 531864207915
माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे: 4471
ॲपमध्ये दिसणारी स्थिती: पेंडिंग
दुकानदाराने 20/11/2025 रोजी स्वतःच्या खात्याचे स्टेटमेंट पाहून रक्कम आलेली नसल्याचे सांगितले आहे.
तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.

यात मावशीचं वय नाही, औषधाची गोष्ट नाही, राग नाही. ते सगळं खरं होतं आणि मला ते कळतही होतं. पण चॅटवरचा मुलगा एका वेळी तीन-चार जणांशी बोलत असतो, आणि त्याला या क्षणी लागतो तो फक्त व्यवहाराचा पत्ता. या वेळी चार मिनिटांत तक्रार क्रमांक आला.

शेवटून दुसऱ्या ओळीकडे लक्ष द्या. निरोप लिहिण्याआधी मी मावशीला दुकानदाराकडे पाठवलं होतं. डबा बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नसतं. त्या डब्यालाही नेटवर्क लागतं. कित्येकदा पैसे दुकानदाराच्या खात्यात अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशी पडलेले असतात आणि त्याचं लक्ष नसतं. अशा वेळी बँक तपास करते, पैसे पोहोचल्याचं आढळतं आणि तक्रार बंद होते. बँकेने ते पैसे परत आणायचे कुठून? ते दुकानदाराने परत द्यायचे. तुम्ही घाईत दुसऱ्यांदा स्कॅन करून पैसे दिले असतील आणि नंतर पहिलेही पोहोचले असतील, तर दोन्ही व्यवहार बँकेच्या दृष्टीने यशस्वी ठरतात. तेव्हा ‘पैसे दोनदा कापले’ या तक्रारीचा पहिला पत्ता दुकान हाच आहे. तिथे दोन्ही बारा आकडी क्रमांक दाखवले की प्रामाणिक दुकानदार लगेच मिळवून बघतो.

मावशीचे पैसे या काळात होते कुठे? हे कळलं की चॅटवरचा माणूस ‘आत्ता लगेच परत करतो’ असं का म्हणू शकत नाही, तेही कळतं. तिच्या बँकेने तिच्या खात्यातून रक्कम वजा केली आणि तसं मधल्या यंत्रणेला कळवलं. त्या यंत्रणेने दुकानदाराच्या बँकेला सांगितलं, या खात्यात २,३६० जमा करा. दुकानदाराच्या बँकेकडून ठरलेल्या काही सेकंदांत उत्तर आलं नाही. आता दोन शक्यता उरतात. एक म्हणजे त्या बँकेने रक्कम जमा केली आहे पण ‘केली’ हा निरोप वाटेत हरवला आहे. दुसरी म्हणजे तिने जमा केलेलीच नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मावशीच्या बँकेने लगेच पैसे परत टाकले आणि तिकडेही ते जमा झालेले असले, तर एकाच व्यवहाराचे पैसे दोन ठिकाणी होतील. म्हणून दुकानदाराच्या बँकेने आपली वही तपासून सांगावं लागतं. जमा झालं असेल तर ती तसा दाखला देते, नसेल तर रक्कम परत पाठवते. बँकेतली माणसं याला ‘रेको’ म्हणतात. दोन वह्या समोरासमोर ठेवून एकेका ओळीवर खूण करण्याचंच ते काम आहे, आता संगणकावर होतं इतकंच. तुमचा बारा आकडी क्रमांक म्हणजे त्या दोन वह्यांमधली नेमकी ओळ.

बहुतेक अडकलेले पैसे या रेकोतूनच, कोणी तक्रार न करताही परत येतात. म्हणूनच चॅटवर ‘थोडे दिवस थांबा’ असं सांगतात. ते दरवेळी टाळणं नसतं. प्रश्न इतकाच की किती थांबायचं, आणि याचं उत्तर बँकेच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून ते लागू झालं. ग्राहकाची चूक नसताना व्यवहार अर्धवट राहिला, मग कारण नेटवर्क तुटण्याचं असो, वेळ संपण्याचं असो किंवा एटीएममध्ये नोटा नसण्याचं, तर पैसे किती दिवसांत परत यायला हवेत ते त्यात लिहिलं आहे. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले आणि ते पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. यूपीआयने दुकानदाराला दिले आणि त्याला पोहोचल्याचं कळलं नाही, तर पाच दिवसांत. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तरी पाच दिवसांत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला भरपाई द्यायची, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायची.

हे दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजायचे आहेत, तक्रारीच्या तारखेपासून नव्हे. चॅटवर अनेकदा ‘तक्रार नोंदवल्यापासून सात कामकाजाचे दिवस’ असं सांगितलं जातं. तो बँकेचा आतला हिशोब असू शकतो, पण तुमचं घड्याळ पैसे वजा झाले त्याच दिवशी सुरू झालेलं असतं. परिपत्रकात मोजणीची सुरुवात कॅलेंडरवरच्या व्यवहाराच्या तारखेपासून आहे. मावशीचं घड्याळ १४ तारखेला सुरू झालं, पाचवा दिवस १९ तारखेला संपला. आम्ही २० तारखेला तक्रार केली तेव्हा उशिराचा पहिला दिवस चालू होता. मावशीने रविवारी चॅट उघडलं तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्या दिवशी बँकेने थांबायला सांगितलं असतं तर ते नियमाला धरूनच झालं असतं. तरीही तक्रार क्रमांक त्याच दिवशी हातात असता तर पुढचं बोलणं सोपं झालं असतं.

सोमवारी, २४ नोव्हेंबरला, २,३६० रुपये खात्यात परत जमा झाले. मावशी खूश झाली आणि तिने चॅट बंद करायला घेतला. मी तिला थांबवलं. २०, २१, २२, २३ आणि २४, असे पाच दिवस उशीर झाला होता, म्हणजे पाचशे रुपये बँकेने द्यायला हवे होते. ते आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने त्याच तक्रार क्रमांकाखाली लिहिलं की मूळ रक्कम २४/११/२०२५ रोजी मिळाली, रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांच्या विलंबाची भरपाई ५०० रुपये मिळालेली नाही, ती जमा करावी. पहिलं उत्तर आलं की आपली तक्रार सोडवली आहे. तिने तोच निरोप पुन्हा पाठवला, फक्त वर ‘भरपाईबाबत’ असा शब्द घातला. २ डिसेंबरला पाचशे रुपये जमा झाले.

पाचशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं काकांनी विचारलं होतं. मला ते पटत नाही. हा पैसा मेहरबानीचा नाही. बँकेकडे उशिराची किंमत मागणारं कोणी नसलं, तर उशीर स्वस्त पडतो आणि तो कमी करायची घाई कोणाला राहत नाही. ज्याचं महिन्याचं पेन्शनच नऊ हजार आहे, त्याचे अडीच हजार दहा दिवस अडकणं म्हणजे काय, हे मी फोनवर रोज ऐकलं आहे.

एटीएमच्या तक्रारीत थोडा फरक आहे. मशीनने पावती दिली असेल तर तिच्यावर मशीनचा क्रमांक, वेळ आणि व्यवहार क्रमांक असतो. ती पावती थर्मल कागदाची असल्याने महिन्या-दोन महिन्यांत पुसट होते, म्हणून लगेच फोटो काढून ठेवावा. पावती नसेल तर मशीनवर चिकटवलेला क्रमांक, जागा आणि वेळ लिहावी. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार करायची ती ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्याकडे. मशीनच्या मालक बँकेच्या शाखेत जाऊन हुज्जत घालण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. पाच हजार मागितले आणि साडेचार हजारच आले, तर दोन्ही आकडे लिहा, मागितलेले किती आणि मिळालेले किती. मशीन प्रत्येक नोटेची नोंद ठेवतं, आणि त्यातली रोकड मोजताना पाचशे रुपये जास्त निघाले की तुमची तक्रार सिद्ध होते. तुम्ही मात्र ‘पाच हजार मिळाले नाहीत’ असं लिहिलेलं असेल तर हिशोब जुळत नाही आणि तक्रार फेटाळली जाते. अशा तक्रारी फेटाळाव्या लागल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांनी फक्त लिहिताना घाई केलेली असायची.

आता एक वेगळी गोष्ट, जी या सगळ्यापासून अलग ठेवायला हवी. व्यवहार तुम्ही केलेलाच नाही आणि तरी खात्यातून पैसे गेले आहेत, तर तो अर्धवट राहिलेला व्यवहार नव्हे. तिथे पाच दिवस थांबायचं नाही, पाच तासही नाही. आधी कार्ड किंवा यूपीआय बंद करायचं आणि चॅटच्या पहिल्याच ओळीत ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं लिहायचं. ‘पैसे कट झाले’ असं मोघम लिहिलं तर ती तक्रार अडकलेल्या पैशांच्या ढिगात जाते आणि तिथे रेकोची वाट पाहत पडून राहते. फसवणूक असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करावा, पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता आले तर तिथेच येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात या बाबतीत तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत महत्त्वाची धरली आहे. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुठल्या फटीतून पैसे गेले, आणि तुम्ही तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर नुकसान येत नाही. त्यानंतर कळवलं तर काही बोजा तुमच्यावर येऊ शकतो. या तक्रारीतही तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक तेच, पण पहिली ओळ वेगळी, आणि ती एक ओळ तक्रार कोणत्या टेबलावर जाणार ते ठरवते.

तसंच तुम्ही स्वतःच चुकीच्या माणसाला पैसे पाठवले असतील तर तेही स्वच्छ लिहा. व्यवहार पूर्ण झालेला असतो, त्यामुळे वरची मुदत आणि शंभर रुपये त्याला लागू होत नाहीत. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या माणसाला विनंती करू शकते, त्याच्या संमतीशिवाय रक्कम उचलून आणू शकत नाही. ‘फेल झालं’ असं लिहून काम लवकर होईल असं वाटतं, पण नोंदीत ‘यशस्वी’ दिसतं आणि तक्रार तिथेच बंद होते.

चॅट कुठून उघडायचं हेही सांगायला हवं. बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा कार्डामागे, पासबुकावर छापलेल्या पत्त्यावरून. इंटरनेटवर ‘अमुक बँक हेल्पलाइन’ असं शोधून वर आलेल्या पहिल्या क्रमांकाला कधीही भरवसा देऊ नका, आणि समाजमाध्यमावर उघड तक्रार लिहिताना क्रमांक किंवा मोबाइल देऊ नका. अशा तक्रारींवर टपून बसलेले लोक बँकेचं चित्र लावून काही मिनिटांत उत्तर देतात. खऱ्या चॅटवर तुमच्याकडून मागितलं जाईल ते आपण वर लिहिलं तेवढंच. पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे, पूर्ण कार्ड क्रमांक किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारं ॲप उतरवून घ्यायला सांगणं, यातलं काहीही आलं की चॅट बंद करा. पैसे परत घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. स्क्रीनशॉट पाठवताना खात्यातली शिल्लक दिसत असेल तर तेवढा भाग कापून टाका, त्याची कोणाला गरज नसते.

तक्रार क्रमांक मिळाल्यावर चॅट बंद होण्याआधी त्याची प्रत ई-मेलवर मागवून घ्या किंवा सगळ्या पडद्यांचे फोटो काढा. बऱ्याच ॲपमध्ये चॅट बंद झालं की मागचं बोलणं दिसेनासं होतं. पुढे बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे विचारलं जातं की बँकेकडे तक्रार कधी केली आणि तिचा क्रमांक काय. रविवारी मावशीचा जो चॅट क्रमांकाशिवाय बंद झाला, त्याचा तिथे काहीच उपयोग झाला नसता.

हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्या मोबाइलमधला काल-परवाचा एखादा साधा, पूर्ण झालेला व्यवहार उघडा, दूधवाल्याचा किंवा रिक्षाचा, आणि त्यातला बारा आकडी क्रमांक कुठे लिहिलेला आहे ते शोधून ठेवा. घरात आई-वडील, सासू-सासरे यूपीआय वापरत असतील तर त्यांच्या मोबाइलमध्येही ती जागा त्यांना दाखवा. पैसे अडकल्यावर दुकानाच्या दारात, मागे रांग उभी असताना, तो शोधणं फार अवघड जातं.